आधी बुडालेलं वगळा

पायरीबाईंना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. पण ज्यानं ठेवलं त्यालाही, पूर्ण नाही तरी कल्पकतेबद्दल अर्धा गुण त्यांनी दिलाच असता. बाईंचा तो धर्मच होता. गणित शेवटाला चुकलं म्हणून अख्खं कोरं मानायचं, हे त्यांना पटत नसे. "पोरगं चार पायऱ्या नीट चढलं आणि पाचवीवर घसरलं, तर ते तळमजल्यावरच उभं होतं असं कसं म्हणता हो तुम्ही?" असं त्या भर बैठकीत विचारत, आणि समोरच्या माणसाला उत्तर सुचेपर्यंत पुढच्या मुद्द्यावर जात.

आयुष्यभर त्यांनी कनिष्ठ महाविद्यालयात हिशेब शिकवला. आता निवृत्त. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक कपाट, एक रेडिओ, आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "स्थळं बघायला यायची तेव्हा माझे पेपर तपासायचे राहिलेले असायचे." लोक हसत. एकटा जीव सदाशिव, असं शेजारीण म्हणे, आणि त्यात तिला थोडा हेवाही वाटे. तिला काय ठाऊक? रविवारी दुपारी रेडिओवरच्या निवेदकाला बाई मोठ्यानं उत्तरं देत, कारण दिवसभरात दुसरं कुणी त्यांना काही विचारतच नसे. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जाई. वाण्याकडेही आता बोलावं लागत नव्हतं, यादी फोनवर पाठवली की सामान घरी. सगळी सोय झाली होती आणि त्या सोयीनं जीव नकोसा केला होता.

वर्षातून एकदाच माणसांत बसायला मिळे. परीक्षा मंडळाचं बोलावणं आलं की. बाई अजून नियामक होत्या, म्हणजे परीक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांतल्या काही काढून पुन्हा तपासायच्या आणि गुण सगळीकडे एकाच मापानं पडताहेत ना, ते पाहायचं. परीक्षकाचं पेन लाल, नियामकाचं हिरवं. आणि तपासणी सुरू व्हायच्या आधी उत्तरसूची ठरवायला जी बैठक बसे, तिथे तर बाईंशिवाय पान हलत नसे. बोलावण्याच्या दिवसांत त्या पत्रपेटी सकाळी एकदा उघडत आणि संध्याकाळी पुन्हा, सकाळी नीट पाहिलं नसेल म्हणून.

आता ही उत्तरसूची म्हणजे काय भानगड, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हिशेबाच्या पेपरात एक मोठं गणित असतं. एका व्यापाऱ्याच्या वर्षभराच्या खात्यांची तेरीज, म्हणजे शिल्लक रकमांची यादी, देतात, खाली पाचसहा समायोजना, म्हणजे वहीत घ्यायच्या राहिलेल्या नोंदी, देतात, आणि म्हणतात, कर बाबा याचं नफातोटा खातं आणि ताळेबंद. प्रत्येक समायोजना दोन ठिकाणी लिहायची. एक आकडा चुकला की तो पुढे नफ्यात जातो, नफ्यातून भांडवलात जातो, भांडवलातून ताळेबंदाच्या बेरजेत. म्हणजे चूक एक आणि चुकलेले आकडे चार. ज्याच्याकडे फक्त शेवटचं उत्तर असतं तो परीक्षक चारही ठिकाणी लाल रेघ ओढतो. बाईंच्या सूचीत तसं नव्हतं. आकडा चुकला तर त्या आकड्याचा गुण गेला, तिथे दयामाया नाही. पण पुढे तोच चुकलेला आकडा पोरानं नीट वापरला असेल, जिथे लिहायचा तिथे दोन्हीकडे लिहिला असेल, तर त्या पुढच्या पायऱ्यांचे गुण पूर्ण. एका चुकीला एकदाच शिक्षा. परीक्षकानं काय करायचं, तर पोराचाच आकडा धरून पुढचा हिशेब स्वतः करून पाहायचा.

यात काम वाढतं, हे उघड आहे. म्हणून परीक्षक कुरकुरत. "बाई जिन्याच्या प्रत्येक पायरीला अर्धा गुण देतात, म्हणून तर आपल्याला घरी जायला उशीर होतो," असं मुख्य नियामकच एकदा चहाच्या वेळी म्हणाले होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला गठ्ठे संपलेले आवडत. त्यातून बाईंनी आणखी एक पीडा लावून ठेवली होती. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक तक्ता. आडव्या ओळीत उत्तरपत्रिका, उभ्या रकान्यात पायऱ्या, आणि चौकटीत त्या पायरीचे गुण. नुसती बेरीज लिहून भागत नसे.

त्या वर्षी तपासणीच्या तिसऱ्याचौथ्या दिवशी एक चष्मेवाला तरुण परीक्षक गठ्ठा छातीशी धरून साहेबांच्या टेबलाकडे गेला. चेहरा असा, की खजिना तरी सापडला असावा किंवा चोर तरी.

"साहेब, ही सामूहिक कॉपी आहे. अख्ख्या गठ्ठ्यात एकच चूक! हुशार पोरांचीही तीच आणि ढ पोरांचीही तीच."

केंद्राचं नाव आणि क्रमांक चिकटपट्टीखाली झाकलेले होते, ते नेहमीच झाकलेले असतात. गठ्ठा कुठून आला हे त्या खोलीत कुणालाच कळायची सोय नव्हती. साहेबांनी दोनचार उत्तरपत्रिका चाळल्या आणि मान हलवली. "अहवाल पाठवून देऊ. निकाल राखून ठेवतील. बाई, जरा बघता का एकदा, की पाठवू?"

बाईंनी गठ्ठा ओढून घेतला. चूक साधीच होती. गणितात ऋणको, म्हणजे ज्यांच्याकडून येणं आहे ते, पन्नास हजारांचे. समायोजना अशी, की त्यातले दोन हजार बुडाले ते काढून टाका, आणि ऋणकोंवर पाच टक्के संशयित कर्ज निधी, म्हणजे आणखी बुडतील या संशयानं बाजूला काढायची रक्कम, ठेवा. बरोबर रीत म्हणजे आधी बुडालेले दोन हजार वजा करायचे, उरले अठ्ठेचाळीस, त्यावर पाच टक्के, चोवीसशे. या पोरांनी आधीच पन्नास हजारांवर पाच टक्के काढले होते. अडीच हजार. पहिल्या पोराचे अडीच हजार, दुसऱ्याचे अडीच हजार, शेवटच्याचेही अडीच हजार. गंमत म्हणजे या चुकीनं ताळेबंद बिघडत नाही. नफा शंभरानं कमी होतो, ऋणकोही शंभरानं कमी होतात, दोन्ही बाजू गुण्यागोविंदानं जुळतात. पोराला वाटतं, जुळलं की हो! चूक आत दडून बसते आणि वरून सगळं ठीक दिसतं.

पण बाईंचा हात अडला तो चुकीपाशी नाही. प्रत्येक समायोजनेच्या आकड्याशेजारी पेन्सिलीची दोन बारीक टिंबं होती. एक आकड्याच्या डोक्यावर, एक पायाशी. पहिली नोंद झाली की वरचं टिंब, दुसरी नोंद झाली की खालचं. म्हणजे कुठली नोंद राहिली ते एका नजरेत कळावं. सगळे शिक्षक बरोबरची खूण करायला सांगतात, गोल करायला सांगतात, कुणी रेघ मारायला सांगतं. वरखाली टिंबं द्यायला सांगणारं जगात एकच घर होतं. त्या घरात दोन बहिणी एका टेबलाशी बसून हिशेबाची गणितं सोडवायच्या, आणि थोरली धाकटीला सांगायची, "टिंब दे गं, नाहीतर विसरशील."

ती थोरली म्हणजे बाईच. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

धाकटी त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आई सतत आजारी, वडील फिरतीवर, तेव्हा धाकटीचा अभ्यास ताईनंच घेतला. ताई तेव्हा स्वतःच कॉलेजात होती आणि तिलाच हा निधीचा भाग उलटा कळला होता. आधी संशय, मग बुडीत. तसाच तिनं धाकटीला शिकवला, चांगला घोकून घेतला. त्यासाठी एक ओळही केली होती, "आधी सगळ्यांवर संशय घे, मग बुडव!" दोघी हसून लोळायच्या त्यावर. गणित पुरं झालं की धाकटी खाली मोठ्या ऐटीत लिहायची, चू. भू. द्या. घ्या., दुकानदार बिलाखाली लिहितात तसं, चूकभूल द्यावी घ्यावी. मग ताई ते तपासून प्रत्येक आकड्याशेजारी तिसरं टिंब द्यायची. ते ताईचं टिंब. ते पडल्याशिवाय धाकटी वही मिटत नसे.

पुढे ताईला आपली चूक कळली, स्वतः शिकवायला लागल्यावर. तिनं आपली रीत दुरुस्त केली. धाकटीला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, थोडी लाजही होतीच. मोठेपणा अंगाला चिकटला की सुटत नाही. आणि धाकटीही शिकून त्याच महाविद्यालयात शिकवायला लागली, त्याच विषयाला. एका दुपारी ताई तिच्या वर्गावरून जात होती. फळ्यावर अडीच हजार लिहिलेले. ताई आत शिरली, सगळ्या वर्गासमोर डस्टर उचललं आणि आकडा पुसला.

"हे काय शिकवते आहेस पोरांना?"

धाकटी बावरली, मग हसली. "अगं ताई, हे तूच तर शिकवलंस मला."

तेव्हा हो म्हणायला काय जात होतं? समोर साठ पोरं होती, एवढंच. ताई म्हणाली, "मी? मी असलं कशाला शिकवीन? स्वतःचं अज्ञान माझ्या नावावर खपवू नकोस." वर्ग खिदळला. धाकटीचा चेहरा पडला, आणि तो चेहरा बाईंच्या डोळ्यांसमोरून आजवर हलला नाही. वर्ष संपायच्या आत धाकटीनं नोकरी बदलली, गाव बदललं. भांडण म्हणावं तर झालंच नाही, आणि तेच वाईट. आई गेली तेव्हा दोघी भेटल्या आणि चादरी कुणी न्यायच्या एवढंच बोलल्या. नंतर तेही नाही. फोनमध्ये तिचा नंबर 'धाकटी' म्हणून होता. कधीमधी बाई तो काढून बघत आणि पुन्हा आत ठेवत.

म्हणजे धाकटी अजून शिकवत होती तर. आणि अजून तसंच शिकवत होती! कुठलंही पुस्तक उघडलं असतं तरी चूक कळली असती. कळली असणारच. पण फळा पुसला गेल्यावर ती दुरुस्त करणं म्हणजे ताईचं म्हणणं मान्य करणं, आणि धाकटी कसली ऐकते! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दोन बहिणींच्या हट्टापायी पोरांचा एकेक गुण जात होता, आणि आता तर निकालच जायची वेळ आली होती.

"बाई? पाठवू ना अहवाल?" साहेबांनी विचारलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तक्ता आणा."

चष्मेवाल्यानं नाखुशीनं तक्ता पुढे केला. बाईंनी बोट ठेवलं. "हा निधीच्या आकड्याचा रकाना. खालपर्यंत शून्य, शून्य, शून्य. बरोबर? सगळ्यांचा एक गुण गेला. आता शेजारचे रकाने वाचा मला."

तो वाचायला लागला, आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. पहिल्या पोरानं यंत्रावरचा घसारा सहा महिन्यांऐवजी पूर्ण वर्षाचा काढला होता. दुसऱ्याचा घसारा बरोबर, पण देणे राहिलेली मजुरी ताळेबंदात लिहायला विसरला, आणि त्याचा ताळेबंद जुळलेलाच नव्हता. तिसरीचं सगळं बरोबर, नुसती बेरीज चुकली. चौथ्याचं निधी सोडून काहीच चुकलं नव्हतं. शेवटचा ताळेबंद प्रत्येकाचा निराळा.

"कॉपी करणारं पोर एक आकडा उचलून बाकीचे आपले सोडवत बसतं का हो?" बाई म्हणाल्या. "ते सगळंच उचलतं. शेजाऱ्याची बेरजेची चूकसुद्धा. इथे एक पायरी सारखी आणि बाकीच्या आपापल्या. ही चोरी नाही. हे शिकवणं आहे. सगळ्यांना एकाच माणसानं एकच पायरी चुकीची शिकवली आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तक्त्याकडे पाहत राहिले. नुसती बेरीज असती तर हे कधीच दिसलं नसतं, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते तक्त्याबद्दल पुन्हा कधी कुरकुरले नाहीत. "बाई, सुक्याबरोबर ओलं जळत होतं हो. नव्हे, इथे तर सगळंच ओलं."

"आणखी एक. ही शिकवण कुणाची असावी, असं मला वाटतं. खात्री नाही, आणि केंद्र कुठलं ते मला कळायलाही नको. पण वाटतं आहे, तेव्हा या गठ्ठ्यावर मी सही करणार नाही. दुसऱ्या नियामकाला द्या. त्यांनाही हेच दिसलं तर ठीक."

दुसऱ्या नियामकालाही तेच दिसलं. अहवाल गेला नाही. पोरांना निधीच्या आकड्याचा एक गुण मिळाला नाही, पण तोच आकडा नफातोटा खात्यात लिहिल्याचा अर्धा आणि ताळेबंदात वजा केल्याचा अर्धा मिळाला, सूचीत होता तसा. त्या रकान्यात बाईंनी अर्धा गुणही जास्त मागितला नाही. वाटलं नसेल का? खूप वाटलं. घरी गेल्यावर त्या दिवे न लावता बसून राहिल्या, आणि रेडिओ लावायचं भान त्यांना राहिलं नाही.

रडल्या, सांगायला काय हरकत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना सांगितलं, की आधीच्या पायरीची चूक पुढच्या पायरीच्या माथी मारायची नाही. आणि घरात? पहिली पायरी आपली चुकलेली. धाकटीनं तोच आकडा नीट, विश्वासानं पुढे नेला. तिला मात्र पूर्ण शून्य दिलं, तेही भर वर्गात. त्यांना दुसरं काही नको होतं. धाकटीनं एकदा 'ताई' म्हणावं, एवढंच. फोन हातात घेतला. काय बोलणार? तुझ्या पोरांचे पेपर पाहिले, असं तर म्हणता येत नाही. ते गोपनीय. नियम म्हणजे नियम. आणि तो मोडून माफी मागितली असती तर धाकटीच म्हणाली असती, ताई, तू बरी आहेस ना?

पण एक वाट होती. तपासणी संपली की मंडळ सगळ्या महाविद्यालयांना शिक्षकांसाठी सूचना पाठवतं, कुठे पोरं चुकतात, काय सुधारावं. हिशेबाच्या सूचना बाईच लिहीत. त्या वर्षी निधीच्या मुद्द्याखाली त्यांनी लिहिलं: "आधी बुडालेलं वगळा, मग उरलेल्यावरच संशय घ्या. ही चूक विद्यार्थ्यांची नाही, त्यांना शिकवणाऱ्यांचीही नाही. शिकवणाऱ्यांना ज्यांनी लहानपणी शिकवलं, त्यांची आहे. चू. भू. द्या. घ्या."

साहेबांनी मसुदा वाचला आणि भुवया उंचावल्या. "पहिलं वाक्य झकास. पण पुढचं हे काय पुराण? आणि चूकभूल? मंडळाची सूचना आहे, किराण्याचं बिल नव्हे!"

"राहू द्या ना."

"अहो, पण वरचे विचारतील."

"साहेब, इतक्या वर्षांत मी कधी काही मागितलं का? राहू द्या."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद पुढे सरकवला. वरच्यांनी काही विचारलं नाही. वरचे वाचतात कुठे!

मग ते वर्ष. काय सांगावं त्याचं! सूचना गेल्या त्या आठवड्यात बाईंनी फोन उशाशी ठेवला. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकाच्या ओट्यावर. एकदा न्हाणीघरात असताना वाजला म्हणून तशाच धावल्या, तर विम्याची बाई होती. तिच्याशी त्या इतका वेळ बोलल्या, की शेवटी विम्याच्या बाईनंच फोन ठेवला. सूचना कुणी वाचतं का? धाकटी वाचते का? निवृत्तीला आली असेल तीही. कदाचित वाचून फाडली असेल. कदाचित शिपायानं गठ्ठ्यातून काढलीच नसेल. पावसाळा गेला, थंडी आली, समोरच्या टाकीला नवा निळा रंग दिला. फोन आला नाही. बाईंनी वाट पाहणं सोडलं, असं त्या स्वतःला रोज सांगत.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं. बाई गेल्या. फाटकाशी फोन काढून पिशवीत घालून जमा केला, आत जाऊन हिरवं पेन उघडलं. यंदाच्या गणितातही ऋणको होते. दर गठ्ठ्यात बाई पहिल्यांदा निधीचा आकडा बघत. इथे बरोबर, तिथे चूक, पण वरखाली टिंबं कुठे दिसेनात. दिवसामागून दिवस गेले. गेलं असेल ते केंद्र दुसऱ्या नियामकाकडे. किंवा धाकटी शिकवायची थांबली असेल. तो विचार आला की बाईंना पुढची बेरीज दोनदा करावी लागे.

तपासणी संपत आली तेव्हा तोच चष्मेवाला त्यांच्याकडे एक गठ्ठा घेऊन आला. आता तो बाईंच्या तक्त्याचा भक्त झाला होता. "मॅडम, हा बघा. निधीच्या रकान्यात खालपर्यंत एक, एक, एक. सगळ्यांचं बरोबर. असा गठ्ठा मी पाहिलाच नाही. ढ पोरांचंसुद्धा!"

बाईंनी पहिली उत्तरपत्रिका उघडली. आकड्याच्या डोक्यावर टिंब होतं. पायाशी टिंब होतं. आणि शेजारी, जरा लांब, आणखी एक.

त्यांनी दुसरी उघडली, तिसरी उघडली. तिथेही तीन. धाकटीनं यंदा पोरांना तिसरं टिंब द्यायला शिकवलं होतं. त्यांनी गठ्ठा मिटला आणि हिरव्या पेनला टोपण लावलं.

"हा साहेबांकडे द्या. यावर सही मी करायची नाही."

"का हो मॅडम? गुण चुकले का?"

"गुण बरोबर आहेत. अगदी बरोबर."

तो जाता जाता थांबला. "पण ही टिंबं कसली असतात हो? दोन समजली मला, दोन नोंदींची. हे तिसरं कशाचं?"

"त्याला सूचीत गुण नाहीत," बाई म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

संध्याकाळी फाटकाशी फोन परत घेतला. भिंतीलगतच्या बाकावर त्या बसल्या. परीक्षक स्कूटरी काढत होते, एकमेकांना हाका मारत होते. बाईंनी नंबर काढला आणि या वेळी आत ठेवला नाही. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. उचलला तेव्हा पलीकडून ना हॅलो, ना काही. मग तोच आवाज, जरा जाड झालेला.

"किती दिलेस?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. "सांगता येत नाही गं. गोपनीय असतं."

"अजून तश्शीच आहेस तू." ती हसली का रागावली, ते कळेना. "ताई, तेव्हा वर्गात तू..."

"मीच शिकवलं होतं," बाई म्हणाल्या. इतकी वर्षं घशात अडकलेलं वाक्य, एका दमात. "तू खरं बोललीस. मी खोटं बोलले. पहिली पायरी माझी चुकली."

फाटकातून शेवटची स्कूटर गेली आणि रस्ता रिकामा झाला. जन्मभर जिनं अनोळखी पोरांसाठी अर्ध्या अर्ध्या गुणाची भांडणं केली, तिला आता स्वतःसाठी मागायची पाळी आली होती.

"पूर्ण नको देऊस," त्या म्हणाल्या. "पायरीचे तरी देशील?"

धाकटी काही बोलली नाही. पण तिनं फोनही ठेवला नाही.